विश्लेषण : गेम त्रिमितीय, पण दिसतो हाताने काढलेला… ‘टून शेडिंग’ नेमके कसे होते?

‘गिल्टी गिअर एक्झर्ड’ हा मारामारीचा जपानी गेम २०१४ मध्ये आला, तेव्हा तो पहिल्यांदा पाहणाऱ्या अनेकांना ती साधी द्विमितीय, हाताने रंगवलेली चित्रेच वाटली. दोन पात्रे समोरासमोर उभी, काळी बाह्यरेषा, अंगावर सपाट रंग आणि त्या रंगावर धारदार कडेची एकच छाया. मग एखादा निर्णायक फटका बसला की कॅमेरा पात्रांभोवती गर्रकन फिरतो आणि लक्षात येते की ही चित्रे नाहीत, संगणकात घडवलेले पुतळे आहेत. या युक्तीला ‘टून शेडिंग’ किंवा ‘सेल शेडिंग’ म्हणतात. तिचे मूळ गणित तीन ओळींत मावते. तरीही ते वापरणाऱ्या बहुतेक नवशिक्यांचे पात्र चित्रासारखे न दिसता तोंडाला काजळी फासल्यासारखे का दिसते, हे समजून घेण्यासारखे आहे.

‘सेल’ हा शब्द कुठून आला?

संगणकापूर्वीच्या काळात ॲनिमेशनपटांतील पात्रे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवत. त्या पत्र्याला ‘सेल’ म्हणत. पुढून रेघ आणि मागून रंग, अशी रीत होती. एका चित्रपटासाठी असे हजारो पत्रे लागत आणि ते अनेक हात रंगवत. गालावरून कानाकडे हळूहळू गडद होत जाणारी मऊ छटा प्रत्येक पत्र्यावर तंतोतंत तशीच उतरवणे कुणालाच शक्य नव्हते. जरा फरक पडला तरी पडद्यावर ती छटा थरथरली असती. म्हणून मूळ रंग एक, छायेचा रंग एक आणि दोहोंमध्ये स्पष्ट सीमा, असा नियम पडला. आज जी ‘कार्टूनची शैली’ म्हणून आपल्या डोळ्यांत बसली आहे, ती अशी कामाच्या सोयीतून आली आहे. संगणकाला मात्र मऊ छटाच सोपी. म्हणजे टून शेडिंगमध्ये यंत्राला सहज जमणारी गोष्ट त्याच्याकडून काढून घ्यावी लागते.

पायऱ्यांचा प्रकाश म्हणजे काय?

त्रिमितीय पात्र म्हणजे हजारो छोट्या त्रिकोणांची जाळी. या पृष्ठभागावर जागोजागी उभ्या टाचण्या टोचल्या आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक टाचणी तिथला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते सांगते. या टाचणीला ‘नॉर्मल’ म्हणतात. टाचणी आणि प्रकाशाची दिशा यांच्यातील कोनाचा ‘कॉस’ काढला की तिथे किती उजेड पडतो ते कळते. टाचणी थेट दिव्याकडे असेल तर उत्तर १ येते. ३० अंशांवर ०.८७, ६० अंशांवर ०.५ आणि ९० अंशांवर शून्य. त्यापलीकडे उत्तर उणे होते, म्हणजे ती बाजू दिव्याकडे पाठ करून आहे.

नेहमीच्या त्रिमितीय चित्रात हाच आकडा थेट रंगात गुणतात, म्हणून चेंडू गोल आणि मऊ दिसतो. टून शेडिंगमध्ये एक उंबरठा ठरवतात. आकडा उंबरठ्याच्या वर असेल तर उजेडाचा रंग, खाली असेल तर छायेचा रंग, अधलेमधले काही नाही. उंबरठा शून्यावर ठेवला तर चेंडूचा बरोबर अर्धा भाग उजळतो. तो ०.५ वर नेला की दिव्यापासून ६० अंशांच्या आतलाच भाग उजळ राहतो आणि छाया पुढे सरकते. संगणकाला हे असे सांगतात :

```
float ndl = dot(normalize(N), normalize(L));
float lit = smoothstep(0.49, 0.51, ndl);
vec3 color = mix(shadowColor, baseColor, lit);
```

मधल्या ओळीत ०.५ असा एकच आकडा न देता ०.४९ ते ०.५१ अशी चिंचोळी पट्टी दिली आहे, ती मुद्दाम. अगदी कडक सीमा ठेवली तर तिची कड पिक्सेलच्या पायऱ्यांची दिसते आणि पात्र हलले की ती चमकत राहते. पट्टी एखाद्या पिक्सेलइतकी मऊ केली की ही कटकट थांबते. ती फार रुंद केली तर पुन्हा प्लास्टिकची बाहुली.

तिसऱ्या ओळीत छायेचा रंग वेगळा दिला आहे, तिकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही. मूळ रंगात नुसता काळा मिसळला की त्वचा राखेसारखी, मेल्यासारखी दिसते. चित्रकार त्वचेच्या छायेत तांबूसपणा आणतो, पांढऱ्या कापडाच्या छायेत निळसर झाक. ‘एक्झर्ड’मध्ये प्रत्येक पात्रासाठी एक स्वतंत्र प्रतिमाच असते, जिच्यात शरीराच्या कोणत्या भागाची छाया कोणत्या रंगाकडे झुकेल ते रंगवून ठेवलेले असते.

मग चेहरा का बिघडतो?

वरचे गणित चेंडूवर झकास चालते. चेहऱ्यावर लावले की गडबड सुरू. नाकाची बाजू, ओठांचा उंचवटा, डोळ्यांची खोबण, गालाचे हाड असे लहानसहान चढउतार चेहऱ्यावर खूप असतात. मऊ छटेत ते एकमेकांत विरघळतात. उंबरठा लावल्यावर मात्र अधलेमधले काही उरत नाही. कोन ५९ अंशांवरून ६१ वर गेला की तेवढा तुकडा एकदम गडद होतो. परिणामी गालावर डाग, नाकाशेजारी काळे बेट आणि त्रिकोणांच्या कडेकडेने दातेरी छाया उमटते. गणित बरोबर असते, चित्र चुकते. हातात ब्रश असलेला माणूस नाकाच्या बाजूची ती छाया कधीच काढणार नाही. तो गालाखाली एक स्वच्छ वळण काढेल आणि हनुवटीखाली एक.

‘एक्झर्ड’ बनवणाऱ्या योकोहामाच्या ‘आर्क सिस्टम वर्क्स’ या कंपनीने यावर काढलेला उपाय हा या विषयाचा गाभा आहे. कंपनीचे टेक्निकल आर्टिस्ट जुन्या मोतोमुरा यांनी २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’मध्ये तो सविस्तर उलगडून दाखवला. पृष्ठभागाला हात न लावता त्यांनी टाचण्या वळवल्या. नाकाचा आकार तसाच राहिला, पण नाकावरच्या टाचण्या गालाच्या टाचण्यांच्या दिशेने झुकवल्या. म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात तिथे नाक जवळजवळ नाहीच. काही ठिकाणी एखाद्या साध्या, गुळगुळीत आकाराच्या टाचण्या चेहऱ्यावर किंवा कपड्यांवर उतरवून घेता येतात. बाकीच्या कलाकाराने एकेक करून वळवायच्या. छाया कशी पडायला हवी हे आधी ठरवायचे आणि तशी ती पडेपर्यंत टाचण्या फिरवत राहायचे. हे काम पाहिले की ‘फिल्टर लावला की झाले कार्टून’ हा समज गळून पडतो.

यापुढची मुभाही कलाकाराने घेतली. जाळीच्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे चिकटवता येतात. एरवी ते रंगासाठी असतात. इथे तो रंग पडद्यावर दिसतच नाही, आकडे निरोपासारखे वापरले जातात. त्यातील एक आकडा त्या बिंदूपुरता उंबरठा वरखाली करतो. मानेचा, हनुवटीखालचा भाग लवकर छायेत जावा, तर तिथे तसा आकडा रंगवून ठेवायचा. दिवा कुठेही असो, मान गडदच राहते, जशी ती चित्रात राहते.

दिव्याचीही गोष्ट निराळी आहे. या गेममध्ये रंगमंचावरचा खरा दिवा पात्राला उजळत नाही. प्रत्येक पात्राला त्याचा स्वतःचा दिवा आहे आणि ॲनिमेटर तो हालचालीबरोबर हलवतो. पात्र वळले आणि छाया बेढब झाली, तर त्या क्षणापुरता दिवा सरकवायचा. सूर्य एकाच वेळी दोन पात्रांना दोन दिशांनी उजळत असला तरी प्रेक्षकाला त्याचे काही वाटत नाही. बेढब छाया मात्र तो लगेच पकडतो.

बाह्यरेषा कशी काढतात?

सर्वांत रूढ रीत ऐकायला विचित्र वाटते. पात्राची एक प्रत करायची. तिचा प्रत्येक बिंदू टाचणीच्या दिशेने किंचित बाहेर ढकलायचा, म्हणजे प्रत अंगापेक्षा थोडी फुगते. ती काळी रंगवायची आणि संगणकाला सांगायचे की हिचे आपल्याकडे तोंड असलेले त्रिकोण दाखवू नकोस, पाठ असलेलेच दाखव. पुढची बाजू गायब झाल्याने आतले खरे पात्र दिसते. मागची काळी बाजू बहुतांश त्याच्याआड लपते आणि फक्त कडेने बारीकशी बाहेर डोकावते. तीच आपली रेघ. हात छातीसमोर आला तर हाताची रेघ छातीवरही उमटते, अगदी चित्रात उमटेल तशी. यासाठी पात्र दोनदा काढावे लागते, पण आजच्या फोनलाही तो भार विशेष नाही.

दुसरी रीत अशी की पूर्ण चित्र तयार झाल्यावर शेजारशेजारच्या पिक्सेलांची खोली तपासायची. एक पिक्सेल जवळच्या वस्तूचा आणि शेजारचा लांबच्या वस्तूचा असेल तर तिथे कड आहे, म्हणून रेघ मारायची. अख्ख्या दृश्याला एकदम रेघा मिळतात, ही तिची सोय. दोष असा की लांबवर पसरलेल्या जमिनीकडे तिरके पाहिले की शेजारच्या पिक्सेलांच्या खोलीत खूप फरक पडतो आणि जमीनच काळी होते. पाहण्याचा कोन हिशेबात घेऊन ते आवरता येते. परंतु रेघ कुठे जाड, कुठे बारीक हे कलाकाराला बोटाने दाखवता येत नाही. ‘एक्झर्ड’ने पहिली रीत निवडली त्याचे हेच कारण.

कारण हाताने काढलेल्या रेघेचा जीव तिच्या जाडीत असतो. ब्रश दाबला की जाड, उचलला की बारीक. बिंदूंना चिकटवलेल्या त्या चार आकड्यांपैकी आणखी एक इथे कामाला येतो. तो शून्य असेल तिथे प्रत फुगतच नाही आणि रेघ विरून जाते. केसांच्या टोकाशी निमुळती, खांद्यावर ठसठशीत, गालावर हलकी, अशी रेघ बिंदूबिंदूला ठरवलेली असते. आणखी एक आकडा रेघेला थोडे मागे ढकलतो, म्हणजे जिथे नको तिथे ती अंगाआड दडते.

बिघाड इथेही ठरलेले. चौकोनी खोके घ्या. त्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंच्या तीन टाचण्या तीन दिशांना असतात. प्रत फुगवली की तिन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात आणि कोपऱ्यावर रेघ तुटते. तलवारीचे पाते, चिलखत, बुटाची टाच, सगळीकडे हेच. उपाय म्हणजे टाचण्यांचे दोन संच ठेवायचे. एक प्रकाशासाठी, दुसरा केवळ रेघेसाठी. दुसऱ्या संचात कोपऱ्यावरच्या तिन्ही टाचण्यांची सरासरी काढून एकच दिशा ठेवायची. ज्यांनी चेहऱ्यावरच्या टाचण्या हाताने वळवल्या आहेत त्यांना हा दुसरा संच फार उपयोगी पडतो, कारण छायेसाठी झुकवलेली टाचणी रेघही भलतीकडे ढकलते.

आणि अंतराचे काय? फुगवटा पात्राच्या मापात ठेवला तर कॅमेरा जवळ आल्यावर रेघ दोरखंडाएवढी होते, लांब गेल्यावर नाहीशी होते. म्हणून तो पडद्याच्या मापात, समजा ३ पिक्सेल, असा ठेवतात. पण मग पडद्यावर ४०० पिक्सेल उंचीच्या चेहऱ्याला शोभणारी रेघ ४० पिक्सेलच्या चेहऱ्यावर येते. दोन्ही कडा मिळून ६ पिक्सेल, शिवाय केस, कान, कॉलर यांच्या रेघा वेगळ्या. लांबचे पात्र काळा ठिपका होऊन जाते. दोन्ही टोकांना मर्यादा घालून मधला मार्ग काढावा लागतो. तो कुठे काढायचा हे सूत्र सांगत नाही, पडद्याकडे बघूनच ठरते.

अंगावरच्या रेघांचे कोडे

फुगवलेली प्रत कडेची रेघ देते. स्नायूंची वळणे, खिशाची शिवण, पट्ट्याच्या घड्या या आतल्या रेघा मात्र तिला जमत नाहीत. त्या पृष्ठभागावर गुंडाळलेल्या प्रतिमेतच रंगवाव्या लागतात. तिरकी रेघ आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढली तर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते. प्रतिमेचेही तसेच. लांबून ठीक, पण कॅमेरा तोंडाजवळ आला की रेघ धूसर किंवा दातेरी होते. प्रतिमा कितीही मोठी केली तरी आणखी जवळ जाणारा कॅमेरा तिला हरवतोच.

मोतोमुरा यांच्या चमूने उलट विचार केला. आलेखाच्या कागदावर दातेरी न होणाऱ्या रेघा दोनच, सरळ आडवी आणि सरळ उभी. म्हणून त्यांनी प्रतिमेत सगळ्या रेघा आडव्या-उभ्याच काढल्या आणि पात्राची कातडी त्या रेघांना जुळेल अशी ताणून बसवली. शरीरावर रेघ वळते कारण जाळी वळते, कागदावर ती सरळच आहे. ‘एक्झर्ड’च्या पात्राची ही प्रतिमा सुटी पाहिली तर ती माणसाची कातडी वाटतच नाही, एखाद्या शहराचा नकाशा वाटतो. रेघ जाड-बारीक करायची तर जाळीचे बिंदू त्या रेघेपासून जवळ-लांब सरकवायचे. या रीतीच्या रेघांना ‘मोतोमुरा रेघा’ असे नावच पडले. कॅमेरा डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिला तरी त्या स्वच्छ राहतात. किंमत अशी की जाळी रेघेच्या मार्गाने बांधावी लागते आणि नंतर रेघ बदलायची तर जाळीही बदलावी लागते.

हालचालीत काय दडले आहे?

स्थिर चित्रात सगळे साधले तरी पात्र हलले की बिंग फुटते. दोन मुद्रांच्या मधल्या सगळ्या स्थिती संगणक आपणहून भरतो आणि हालचाल तेलात घोळल्यासारखी गुळगुळीत होते. हाताने काढलेल्या जपानी ॲनिमेशनपटात सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी तसेच धरून ठेवलेले असते. ‘एक्झर्ड’चा गेम सेकंदाला ६० चौकटींनी चालतो, पण पात्रांच्या मधल्या स्थिती भरण्याचे काम संगणकाकडून काढून घेतले आहे. ॲनिमेटर एकेक मुद्रा हाताने घडवतो, ती काही चौकटी टिकते आणि मग पुढची एकदम येते. पुढे येणारी मूठ मुद्दाम मोठी केली जाते, हातपाय ओढून लांब केले जातात. बाजूने पाहिले तर ते पात्र विद्रूप दिसेल, पण त्या क्षणी कॅमेरा बाजूला नसतो.

सगळीकडे हेच का वापरत नाहीत?

कारण ‘एक्झर्ड’मध्ये कॅमेरा जवळजवळ कायम आपल्या ताब्यात आहे आणि रंगमंचावर पात्रे दोनच. त्याच कंपनीने हीच रीत २०१८ च्या ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’मध्ये वापरली, तोही मारामारीचाच गेम. खेळाडू मोकाट फिरतो, दिवसाची रात्र होते, बाजूने मशाल जाते, अशा मोकळ्या जगात पात्राला खासगी दिवा देऊन भागत नाही. तीन दिवे असले की तीन उंबरठे लागतात आणि अंगावर तीन सीमा एकमेकींना छेदतात. बहुधा मग एकाच मुख्य दिव्याला पायरी देऊन बाकीचे मंद ठेवतात. चेहऱ्यासाठी अलीकडे आणखी एक तोड रूढ झाली आहे. दिवा कोणत्या कोनात आला की चेहऱ्याचा कोणता बिंदू छायेत जाईल, हे चित्रकार आधीच एका प्रतिमेत रंगवून ठेवतो. गेम चालताना केवळ तो कोन आणि प्रतिमेतला आकडा यांची तुलना होते, टाचण्यांना विचारावेच लागत नाही.

हे तंत्र जुने होत नाही, असे म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. सेगाचा ‘जेट सेट रेडिओ’ २००० चा, निन्टेंडोचा ‘झेल्डा : विंड वेकर’ २००२ च्या अखेरचा. ‘विंड वेकर’चे रूप २००१ मध्ये पहिल्यांदा दाखवले गेले तेव्हा वास्तवदर्शी झेल्डाची वाट पाहणारे चाहते खवळले होते. त्या काळातले अनेक ‘वास्तवदर्शी’ चेहरे आज पाहवत नाहीत, ‘विंड वेकर’ पाहवतो. मात्र काळ्या रेघा असलेला प्रत्येक गेम टून शेडिंगचा नसतो. ‘बॉर्डरलँड्स’चे नाव या यादीत नेहमी घेतले जाते, पण तिथली बरीचशी करामत शाईने रेखाटल्यासारख्या रंगवलेल्या प्रतिमांची आहे.

ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक चाचणी. पात्र स्थिर ठेवा आणि दिवा त्याच्याभोवती हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवा. छायेची सीमा चेहऱ्यावरून एकच अखंड रेघ होऊन सरकली तर टाचण्या नीट आहेत. ती मध्येच फुटून गालावर वेगळे बेट तयार झाले, तर दिवा तिथेच थांबवा आणि त्या बेटाखालच्या टाचण्या शेजारच्या दिशेला वळवा. मग दिवा पुन्हा सुरुवातीपासून फिरवा, कारण एका कोनातले बेट बुजवताना दुसऱ्या कोनात नवे उगवलेले असू शकते.